दर चढला की वजन उतरतं

रद्दी विकायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काय भाव चाललाय?" प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला विचारला की पुढचा सगळा व्यवहार भावाभोवतीच फिरत राहतो. हातात पडणारे पैसे एकट्या भावाने ठरत नाहीत. भाव, वजन आणि प्रत या तिघांचा तो गुणाकार असतो. भाव कानांना ऐकू येतो, म्हणून त्यावर आपण घासाघीस करतो. वजन घेणाऱ्याच्या हातातल्या काट्यावर दिसतं आणि मालाची प्रत त्याच्या नजरेत ठरते. एका बाजूने ताणून भाव वाढवून घेतला, तर उरलेल्या दोन बाजूंनी तो भरून काढायला समोरच्याला भरपूर वाव असतो. म्हणून घरच्या कागद-प्लॅस्टिकचा व्यवहार नीट करायचा असेल तर सुरुवात भावापासून नको, स्वतःच्या ढिगापासून करावी.

वर्तमानपत्राचं वजन मोजण्यासाठी खरं तर काटाही लागत नाही. वर्तमानपत्राचा कागद साधारण ४५ ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाचा असतो. मोठ्या आकाराच्या अंकाचा एक पूर्ण उलगडलेला ताव, म्हणजे चार पानं, अंदाजे ६६ सेंटिमीटर रुंद आणि ५५ सेंटिमीटर उंच भरतो. क्षेत्रफळ झालं सुमारे ०.३६ चौरस मीटर आणि वजन सुमारे १६ ग्रॅम. सोळा पानी अंकात असे चार ताव असतात, म्हणजे एका अंकाचं वजन ६५ ग्रॅमच्या आसपास. महिन्याचे तीस अंक धरले की दोन किलोच्या जरा खाली आकडा येतो, तीन महिन्यांचे सहा किलोंच्या जरा खाली. तुमचा अंक बारा पानी असेल, पुरवण्या येत असतील, आकार छोटा असेल तर आकडे बदलतील, पण रीत तीच राहील. पट्टीने ताव मोजा, पानं मोजा, गुणाकार करा. दारात काटा लटकण्याआधी आपला ढीग पाच किलोंचा आहे की आठ किलोंचा, एवढं तरी माहीत असलंच पाहिजे.

ज्यांना गुणाकाराचा कंटाळा आहे त्यांनी माणसांचं वजन करायचा घरातला काटा वापरावा. आधी एकट्याने उभं राहायचं, मग गठ्ठा कवेत घेऊन उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. गठ्ठा काट्यावर नुसता ठेवू नये. बरेचसे काटे कमी वजनाला जागेच होत नाहीत किंवा चुकीचं दाखवतात. एकदा वीतभर उंचीच्या, नीट घडी घालून दाबलेल्या थप्पीचं वजन असं करून ठेवलं की पुढच्या खेपांना नुसती वीत लावली तरी पुरतं. अंदाज शंभर-दोनशे ग्रॅमनी चुकेल, आणि त्याने काही बिघडत नाही. आपल्याला फरक पकडायचा आहे तो किलोचा.

इथे कागदाचा एक स्वभाव लक्षात घ्यायला हवा. कागद हवेतलं पाणी पितो. कोरड्या दिवसांत त्याच्यात सहा-सात टक्के पाणी असतं, दमट दिवसांत हेच प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतं. हिशेब करून पाहा. कोरड्या हवेत २० किलो भरणाऱ्या थप्पीत सात टक्के पाणी धरलं तर निव्वळ कागद १८.६ किलो. तीच थप्पी पावसाळी दमट हवेत २१ किलोंच्या थोडी वर भरेल. कागद तेवढाच राहिला, पाणी एक किलोने वाढलं. काहींना हा फायदा वाटतो. पण कागदाच्या कारखान्यात शिरणारा माल तपासला जातो, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त ओलावा आढळला तर वजन कापलं जातं, आणि ही मर्यादा साधारण १० टक्क्यांच्या आसपास असते. ती कापाकापी शेवटच्या माणसापासून सुरू होऊन एकेक पायरी खाली उतरते आणि ओल्या दिवसांतला भाव खालीच राहतो. अनुभवी घेणारा थप्पीच्या मधोमध पंजा घालतो. आत थंड लागलं की त्याला जे कळायचं ते कळतं. त्यामुळे ओला कागद विकण्याची घाई करू नये आणि कोरडा कागद ओलाव्यात ठेवू नये. फरशीवर थेट न ठेवता फळीवर ठेवायचा, भिंतीपासून चार बोटं लांब. भिंतीला टेकलेली थप्पी मागून ओली होते आणि पुढून कोरडी दिसते.

भाव वाढेल या आशेने वर्षभर साठवून ठेवण्यातही फारसं हाशील नाही. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन बऱ्याच प्रमाणात तसंच राहिलेलं असतं. ते ऊन आणि हवा लागून पिवळं पडतं आणि कागद ठिसूळ होतो. छपाईची शाईही काळाबरोबर तंतूंना जास्त घट्ट धरते, विशेषतः उष्णतेत. कारखान्यात कागदाचा लगदा करून शाई सोडवली जाते. जुन्या, तापलेल्या अंकांची शाई नीट सुटत नाही आणि लगदा करडा राहतो. तीन-चार महिन्यांची साठवण ठीक. त्याहून जास्त म्हणजे कसर, उंदीर आणि आगीचा धोका, आणि वर मालाची प्रत खाली.

आता काट्याकडे येऊ. फसवणुकीच्या कहाण्या सगळ्यांना माहीत असतात, पण काटा नेमका कुठे चुकतो हे क्वचितच सांगितलं जातं. सगळ्याच चुका मुद्दाम केलेल्या नसतात. स्प्रिंगचा काटा वर्षानुवर्षं ताणून थकतो. तिरका धरला की अडकतो. गोणी लोंबकळताना मांडीला किंवा जमिनीला टेकली की तेवढा भार काट्यावर येतच नाही. म्हणून पाहायच्या गोष्टी मोजक्या आहेत. हुकाला काही लावलेलं नसताना काटा शून्यावर आहे का? गोणी किंवा पिशवी लावून तोलत असतील तर तिचं वजन एकदाच वजा होतंय, की प्रत्येक खेपेला अंदाजाने काहीतरी कापलं जातंय? आणि तोलताना माल मोकळा लटकतोय का, कुणाचा हात खालून लागलेला नाही ना?

याहून पक्की कसोटी म्हणजे पाणी. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो असतं, आणि लिटरची प्लॅस्टिकची रिकामी बाटली २०-३० ग्रॅमची. अशा सहा बाटल्या भरून एका पिशवीत घातल्या की घरबसल्या सहा किलोंचं माप तयार झालं. वर बाटल्या-पिशवीचे दीड-दोनशे ग्रॅम धरावेत. एकाच बाटलीवर काटा तपासून उपयोग नाही, कारण थकलेली स्प्रिंग हलक्या वजनाला बरोबर आणि जड वजनाला चूक दाखवू शकते. जेवढा माल विकायचा त्याच्या जवळपासच्या वजनावरच काटा तपासायचा. पाण्याचं माप काढून समोरच्याला अवघडल्यासारखं होईल असं वाटत असेल तर दुसरी रीत आहे. एक गठ्ठा तोलून घ्यायचा, मग सुतळी सोडून त्याचे दोन भाग करून वेगवेगळे तोलायचे. दोन भागांची बेरीज पहिल्या आकड्याला जुळली पाहिजे. शून्य खोटं असेल किंवा काटा कुठेतरी अडकत असेल तर ती जुळत नाही. सगळीकडे सारखंच, म्हणजे प्रत्येक किलोला शंभर ग्रॅम कमी दाखवणारा काटा मात्र या युक्तीला सापडत नाही. त्याला पाणीच हवं.

जुनी दोन पारड्यांची तागडी असेल तर माप आणि माल यांची पारडी अदलाबदल करून पुन्हा तोलायला सांगावं. दांडीचे दोन हात लांबीला सारखे नसतील तर दोन वेगळे आकडे येतील. एकदा ४.८ किलो आणि एकदा ५.२ किलो भरलं, तर खरं वजन जवळजवळ मधोमध, म्हणजे ५ किलो. ही तपासणी भांडणासाठी नाही. तागडीवर नुसतं नजर रोखून बसण्यापेक्षा ती दोघांनाही सोपी पडते.

आणखी एक गळती आहे, तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. बऱ्याच लटकत्या काट्यांवर अर्ध्या किलोच्या खुणा असतात. काटा दोन खुणांच्या मध्ये थांबला की रिवाजाने खालची खूण धरली जाते, म्हणजे प्रत्येक तोलात सरासरी पाव किलो गेलं. आता सहा किलो वर्तमानपत्रं एकाच गठ्ठ्यात तोलली तर नुकसान एकदाच. तीच दीड-दीड किलोच्या चार गठ्ठ्यांत तोलली तर किलोभर कागद असाच हवेत जाऊ शकतो. एकाच प्रतीचा माल नेहमी एकत्र बांधून एकदाच तोलावा. प्लॅस्टिकसारख्या हलक्या मालाला तर ही गोष्ट दुप्पट लागू आहे. लिटरच्या चाळीस-एक बाटल्या झाल्या की कुठे एक किलो भरतो. दहा बाटल्या त्या काट्यावर तोलायला दिल्या तर काटा हललाच नाही असं होईल, आणि ते प्लॅस्टिक फुकट जाईल.

वजनानंतर प्रत. कागदाचे निदान चार वाटे घरातच व्हावेत : वर्तमानपत्रं, पुठ्ठा, चकचकीत मासिकं आणि जाहिरातपत्रकं, आणि पांढरा लिहिलेला-छापलेला कागद. यामागची कारणं साधी आहेत. पांढऱ्या कागदाचे तंतू लांब आणि स्वच्छ असतात. चकचकीत कागदावर खनिज मातीचा थर असतो, ती माती कारखान्यात धुऊन जाते आणि वजनाच्या मानाने लगदा कमी निघतो. पुठ्ठ्याचे तंतू मजबूत पण तपकिरी, ते पुन्हा पुठ्ठ्यातच जातात. चारही एकत्र बांधले की घेणारा त्यातल्या सर्वांत खालच्या प्रतीचा भाव लावतो, आणि तसं करणं त्याच्या बाजूने बरोबर असतं, कारण वेगळं करण्याचं काम आता त्याच्या अंगावर पडलेलं असतं.

वर्तमानपत्रांच्या बाबतीत एक जास्तीचा मुद्दा आहे. अखंड, घडी मोडलेली नाही, फाटलेलं नाही असा अंक बांधाबांधीसाठी जसाच्या तसा पुन्हा वापरला जातो, आणि वापरायच्या कागदाचा भाव लगद्याला जाणाऱ्या कागदापेक्षा नेहमी वर असतो. तोच अंक चुरगळून कपाटात कोंबला, खिडक्या पुसायला वापरून परत ढिगात टाकला, तर तो थेट लगद्याच्या भावाला उतरतो. वाचून झाल्यावर मूळ घडीवर दुमडून ठेवण्यापलीकडे यात काही कष्ट नाहीत.

पिना आणि स्टेपल उपसत बसायची गरज नसते. कारखान्यात लगदा पातळ असताना जड धातू खाली बसतो, जाळीत अडकतो. जे खरोखर माल बिघडवतं ते वेगळंच आहे : तेलकट कागद, खाद्यपदार्थाचे डाग पडलेली खोकी, मेण लावलेला कागद, प्लॅस्टिकचा पापुद्रा चढवलेली मुखपृष्ठं, कार्बन पेपर, आणि दुकानातल्या छोट्या छापील पावत्या. या पावत्यांच्या कागदावर उष्णतेने काळा होणारा रासायनिक थर असतो. तो थर पुढच्या कागदात जाऊ नये म्हणून त्या रद्दीत घालूच नयेत. दूध-रसाची खोकी कागदाची वाटतात, पण त्यांत सुमारे तीन चतुर्थांश कागद आणि उरलेलं प्लॅस्टिक व ॲल्युमिनिअमचे पातळ थर असतात. ते थर सुटे करणारा कारखाना वेगळा लागतो. तुमचा घेणारा ती घेत असेल तर वेगळी द्यावीत, नसेल तर पुठ्ठ्यात लपवू नयेत. जाड बांधणीची पुस्तकं द्यायची असतील तर पुठ्ठा आणि गोंदाचा कणा सुरीने कापून आतली पानं पांढऱ्या कागदात टाकली की त्याच पुस्तकाला एक पायरी वरचा भाव मिळतो.

नाव, पत्ता, खात्याचे क्रमांक असलेल्या कागदांचं काय करावं, हा प्रश्न नेहमी येतो. यंत्रात घालून बारीक पट्ट्या केल्या तर गुपित राहतं, पण तंतू तुकडे होऊन आखूड होतात. शिवाय पट्ट्या उडतात, बांधता येत नाहीत, आणि बरेच घेणारे त्या नाकारतात. क्रमांक आणि सही असलेला तेवढाच कोपरा फाडून वेगळा नष्ट करावा. उरलेला कागद अख्खा राहू द्यावा.

प्लॅस्टिकची गोष्ट जरा निराळी. इथे नजर कमी आणि ओळख जास्त लागते. वस्तूच्या बुडाशी बाणांच्या त्रिकोणात १ ते ७ मधला एक आकडा असतो. ही पद्धत १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने सुरू केली आणि जगभर पसरली. त्रिकोण पाहून ही वस्तू विकली जाईलच असं समजू नये. तो आकडा फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो. १ म्हणजे पाण्याच्या, सरबताच्या पारदर्शक बाटल्यांचं पीईटी. २ म्हणजे शाम्पू, फिनाइल यांच्या दुधट, अपारदर्शक डब्यांचं एचडीपीई. ३ म्हणजे पीव्हीसी. ४ म्हणजे पातळ मऊ पिशव्यांचं एलडीपीई. ५ म्हणजे झाकणं, डबे, बादल्या यांचं पीपी. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, ज्यात कडक पेलेही आले आणि थर्माकोलही. ७ म्हणजे बाकीचं सगळं. घरच्या मालात खरा खप १, २ आणि ५ ला असतो. ४ ला असतो, पण स्वच्छ आणि कोरडं असेल तर.

आकडा झिजला असेल तर पाण्याची परीक्षा करता येते. वस्तूचा नखाएवढा तुकडा कापून धुवायचा आणि साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात बुडवून सोडायचा. साबण यासाठी की नाहीतर तुकडा पाण्याच्या पृष्ठताणावरच तरंगत राहतो आणि फसवतो. २, ४ आणि ५ क्रमांकाचं प्लॅस्टिक पाण्यापेक्षा हलकं असल्याने वर येतं. १, ३ आणि भरीव ६ पाण्यापेक्षा जड असल्याने बुडतं. जाळून वास घेण्याची परीक्षा घरी मुळीच करू नये. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो, तो श्वासात घेण्यासारखा नाही.

पीव्हीसीचं नाव पुन्हा घेतलं कारण बाटल्यांच्या ढिगात घात करणारं तेच असतं. पीईटी वितळायला २५० अंशांच्या वर तापवावं लागतं. पीव्हीसी त्याच्या बरंच आधी करपतं, आम्ल सोडतं, आणि त्या आम्लाने पीईटीचेही धागे तुटतात. मग पिवळटपणा आणि काळे ठिपके असलेला माल निघतो. दहा हजारांत एखादा भाग पीव्हीसी असलं तरी हे घडू शकतं. दिसायला दोन्ही सारखीच पारदर्शक आणि पाण्यात दोन्ही बुडतात, म्हणून पाण्याची परीक्षा इथे कामाची नाही. पारदर्शक बाटली दुमडून पाहावी. घडीवर पांढरी रेघ उमटली तर पीव्हीसीचा संशय घ्यावा आणि ती बाजूला ठेवावी. बाटलीला अंगभर घट्ट बसवलेलं आकसणारं वेष्टनही बऱ्याचदा वेगळ्या प्लॅस्टिकचं असतं, ते फाडून काढावं. झाकणं मात्र काढून फेकू नयेत. ती २ किंवा ५ क्रमांकाची असतात. कारखान्यात बाटल्यांचे तुकडे पाण्यात टाकले की झाकणाचे तरंगतात आणि बाटलीचे बुडतात, आपोआप वेगळे होतात.

बाटल्या रिकाम्या करून, एकदा विसळून, हवा काढून चपट्या कराव्यात आणि झाकण परत लावावं. घेणाऱ्याला गाडीभर हवा वाहून न्यावी लागली नाही तर भाव देताना त्याचा हात सैल असतो. याला एक अपवाद आहे : जिथे रिकामी बाटली यंत्रात टाकून ठेव परत मिळते तिथे ती चपटी करू नये, कारण यंत्राला तिच्यावरची पट्टी वाचायची असते. रंगीत बाटल्या वेगळ्या बांधाव्यात. पारदर्शक बाटलीचं पुढे काहीही करता येतं, हिरवी-तपकिरी फक्त गडद रंगातच जाते. थर्माकोल, वेफर्सची चंदेरी पाकिटं आणि काळे ताट-डबे यांना बहुतेक ठिकाणी गिऱ्हाईक नसतं. थर्माकोल जवळजवळ सगळा हवाच, वाहतुकीचाही खर्च निघत नाही. पाकिटांत वेगवेगळ्या जातींचे पापुद्रे एकमेकांना चिकटवलेले असतात. काळ्या प्लॅस्टिकमधल्या काजळीमुळे ते वेगळं करणाऱ्या यंत्रांच्या प्रकाशाला त्याची जात ओळखता येत नाही.

एवढं झाल्यावर आता भाव विचारायचा. आणि इथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. बाजारभाव म्हणून जे आकडे छापले-दाखवले जातात ते बहुधा कारखान्याच्या दारात पोचलेल्या, यंत्राने दाबून गठ्ठे केलेल्या, टनांतल्या मालाचे असतात. घरापासून तिथवर निदान तीन पायऱ्या असतात : फिरून गोळा करणारा, गल्लीतलं दुकान, आणि गठ्ठे बांधून ट्रक भरणारा मोठा व्यापारी. प्रत्येक पायरीवर वाहतूक, निवड, घट, आणि पैसे अडकून पडण्याचा खर्च वजा होतो. घरच्या दहा किलोंना तो छापील भाव कुणी देऊ शकत नाही, आणि देतो म्हणाला तर त्याच्या काट्याकडे नीट पाहावं.

त्या वरच्या आकड्यांचा उपयोग दिशा समजण्यापुरता आहे. चीनने २०१७ मध्ये घोषणा करून २०१८ पासून बाहेरचा मिश्र कागद आणि प्लॅस्टिक घेणं बंद केलं, आणि उरलेल्या प्रतींना अर्ध्या टक्क्याहून जास्त कचरा चालणार नाही अशी अट घातली. त्यानंतर अनेक देशांत मिश्र कागदाचे भाव कोसळले, निवडलेला स्वच्छ पुठ्ठा त्या मानाने तग धरून राहिला. २०२० मध्ये खनिज तेल स्वस्त झालं तेव्हा नवं प्लॅस्टिक इतकं स्वस्त झालं की जुन्याला विचारणारे कमी झाले. पुठ्ठा २०२१ मध्ये चढला आणि पुढच्या वर्षी उतरला. अशा वेळी गल्लीतला घेणारा "भाव पडलाय" म्हणतो ते खरं असू शकतं. तेल उतरलं की काही आठवड्यांत प्लॅस्टिकवर परिणाम दिसतो, कागदावर तसा दिसत नाही. कागद, प्लॅस्टिक, सगळ्याचेच भाव एका दिवसात पडले असं कुणी सांगितलं तर मात्र कारण विचारावं.

आपल्या पायरीचा खरा भाव कळण्याची एकच रीत आहे : तिघांना एकच प्रश्न, एकाच शब्दांत, एकाच दिवशी विचारणं. "रद्दीला काय भाव?" असा मोघम प्रश्न नको. "कोरडी, घडी घातलेली वर्तमानपत्रं सहा किलो, घरून उचलून, किलोला काय? पुठ्ठ्याला काय? पारदर्शक बाटल्यांना काय? काही कापता का?" असं विचारावं. घरून उचलण्याचा आणि दुकानात नेऊन देण्याचा भाव वेगळा असतो, असायलाच हवा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत मोलाचं.

एक पूर्ण हिशेब मांडून पाहू. आकडे खरे भाव नाहीत, गणितापुरते धरलेले आहेत. घरात तीन महिन्यांत सहा किलो वर्तमानपत्रं, चार किलो पुठ्ठा, तीन किलो मासिकं, पाच किलो पांढरा कागद, दीड किलो बाटल्या, दोन किलो कडक प्लॅस्टिक आणि एक किलो पिशव्या जमल्या. पहिला घेणारा भाव सांगतो : अनुक्रमे १०, ७, ६, ११, १४, १२ आणि ५. गुणाकार करून बेरीज होते २११. हाच माल न निवडता दिला असता तर कागदाला सरसकट ६ आणि प्लॅस्टिकला सरसकट ५ मिळून १३० च्या आसपास आले असते. म्हणजे पाऊण तास बसून केलेल्या वाटणीने रक्कम दीडपटीहून वर गेली.

दुसरा घेणारा म्हणतो, वर्तमानपत्राला १२ देतो, बाकी तेच. कान लगेच टवकारतात, कारण सगळे जण वर्तमानपत्राचाच भाव विचारतात आणि त्याला ते ठाऊक असतं. पण त्याचा काटा पंधरा टक्के कमी भरतो. वर्तमानपत्रं ५.१ किलो दिसतात, त्यांचे ६१ होतात, पहिल्यापेक्षा एक जास्तच. उरलेल्या सगळ्या मालावरही तेच पंधरा टक्के जातात आणि १५१ ऐवजी १२८ हातात पडतात. एकूण १८९. वीस टक्के जास्त भाव सांगून दहा टक्के कमी पैसे. वर्तमानपत्राचं वजन घरी मोजलेलं असेल तर सहाच्या जागी पाच दिसताक्षणी हे लक्षात येतं, नसेल तर कधीच येत नाही. लक्षात ठेवायला सोपा आडाखा असा की दहाचा भाव बारा झाला आणि सहा किलोंचे पाच झाले, तर पैसे अगदी तेवढेच राहतात.

यात मला समोरच्याची बाजूही स्पष्ट दिसते. फिरून माल घेणारा माणूस तासचे तास चालतो, जिने चढतो, निवडतो, वाहतो, आणि त्यातला काही माल पुढे नाकारला जाण्याचा धोका तोच पत्करतो. त्याला परवडणार नाही इतका भाव आपण ताणून घेतला तर व्यवहार सोडून देण्यापेक्षा काट्यावरून भरून काढण्याचा मोह त्याला होतो, आणि तो मोह आपणच निर्माण केलेला असतो. योग्य भाव आणि खरं वजन मागावं. चढा भाव आणि खरं वजन दोन्ही मागणं बहुतेक वेळा शक्यतेच्या पलीकडचं आहे.

भरवशाचा घेणारा ओळखायच्या खुणा त्यामुळे भावात सापडत नाहीत. तो काटा तुमच्या नजरेच्या उंचीला धरतो आणि आकडा तुम्हाला वाचू देतो. फोनवर सांगितलेला भाव दारात बदलत नाही, आणि बदललाच तर ढिगातला ओला किंवा मिश्र भाग काढून दाखवतो. "हे मी घेत नाही" असं स्पष्ट म्हणतो. ही खूण मला सगळ्यांत विश्वासाची वाटते. जो सगळंच घेतो, थर्माकोल आणि चंदेरी पाकिटंही हसत उचलतो, त्याला ते कुठेतरी टाकावं किंवा जाळावं लागणारच. माल पुढे कुठे जातो हे विचारल्यावर त्याला उत्तर देता येतं. त्याच्या काट्यावर सरकारी पडताळणीचा शिक्का असतो आणि तो चालू मुदतीतला असतो. आणि तो ठरावीक दिवशी परत येतो, कारण त्याला पुढच्या खेपेतही माल हवा असतो.

आपल्या बाजूनेही काही पाळायला हवं. गठ्ठ्याच्या पोटात ओला कागद, पुठ्ठ्याच्या खोक्यात दगड-विटा, बाटलीत उरलेलं पेय असा माल एकदा निघाला की घेणारा पुढच्या वेळी आधीच वजन कापून बोलतो, आणि ते कायमचं होतं. वापरलेल्या बॅटऱ्या, विशेषतः फोनच्या, कागद-प्लॅस्टिकमध्ये चुकूनही जाऊ देऊ नयेत. गठ्ठे दाबताना त्या फुटतात आणि पेट घेतात, आणि रद्दीच्या गोदामाला लागलेली आग सहजासहजी विझत नाही. सुया, फुटकी काच, औषधांच्या बाटल्याही वेगळ्या. ढिगात हात घालणारा माणूस हातमोजे घालून येत नाही.

गठ्ठा बांधताना सुतळी एकदा उभी आणि एकदा आडवी घ्यावी, गाठ वरच्या बाजूला. एकेरी बांधलेली थप्पी उचलताना मधली पानं सटकतात आणि पुन्हा रचण्यात घडी मोडते. वर कागदाची चिठ्ठी खोचून तिच्यावर मालाची जात आणि घरी मोजलेलं वजन लिहावं. घेणाऱ्याला ती चिठ्ठी दिसू द्यावी, लपवू नये. आकडा आधीच लिहिलेला दिसला की दोघांचंही बोलणं सरळ होतं.

त्या चिठ्ठीवरचे आकडे नंतर वहीत उतरवावेत : तारीख, जात, आपलं वजन, त्यांचं वजन, भाव, रक्कम. सहा किलोंत शंभर-दीडशे ग्रॅमचा फरक, कधी इकडे कधी तिकडे, हा काट्यांचा आणि हवेचा फरक आहे, त्यावर बोलू नये. पण तीन-चार खेपांत फरक प्रत्येक वेळी एकाच बाजूला आणि मालाच्या प्रमाणात वाढत जाणारा दिसला, तीन किलोंना तीनशे, सहा किलोंना सहाशे, तर तो काटा खोटा आहे. अशा वेळी वही उघडून त्याच्यासमोर ठेवावी, पाण्याच्या बाटल्यांची पिशवी आणावी आणि त्याच काट्याला लावून दोघांनी मिळून आकडा वाचावा. काही जण तिथेच काटा बदलून आणतात, आणि त्यांच्याशी पुढे वर्षानुवर्षं व्यवहार चालतो.